१३:०:४५ रात्रीत तळाला का बसतं: विद्राव्यतेच्या आलेखावरून ड्रमचा हिशोब

प्रश्न: सर, तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. ड्रममध्ये १५० लिटर पाणी घेतलं, त्यात तीन बादल्या बंबातलं कढत पाणी होतं, आणि १३:०:४५ च्या २५ किलोच्या दोन बॅगा टाकल्या. दुपारी सगळं विरघळलं, पाणी स्वच्छ दिसत होतं. पहाटे मुलाचा थर्मामीटर ड्रममध्ये बुडवला तर १४ अंश, तळाला सुयांसारखे खडे आणि व्हेंचुरी चोक. खतात भेसळ आहे का? ०:०:५० तर भर दुपारीसुद्धा पूर्ण विरघळत नाही. मुलाच्या पुस्तकात विद्राव्यतेचे आलेख आहेत, त्यावरून किती बसणार हे आधी काढता येतं का?

उत्तर:

काढता येतं. तुमच्या ड्रममध्ये त्या पहाटे साडेबारा किलोच्या आसपास, म्हणजे अर्धी बॅग, तळाला बसलेली असणार. एवढ्यावरून भेसळ ठरत नाही. शुद्ध १३:०:४५ सुद्धा या प्रमाणात आणि या थंडीत असंच बसतं.

१३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. ०:०:५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट, ज्याला दुकानात एसओपी म्हणतात. पुस्तकातल्या आलेखात आडव्या अक्षावर तापमान असतं आणि उभ्या अक्षावर १०० ग्रॅम पाण्यात जास्तीत जास्त किती ग्रॅम क्षार राहू शकतो तो आकडा. पाण्याच्या बाबतीत १०० ग्रॅमऐवजी १०० लिटर आणि ग्रॅमऐवजी किलो वाचलं तरी हिशोब तोच राहतो. आपल्या कामापुरते चार क्षारांचे आकडे असे:

| तापमान (अंश से.) | पोटॅशियम नायट्रेट | पोटॅशियम सल्फेट | पोटॅशियम क्लोराईड | मीठ |
|---|---|---|---|---|
| १० | २०.९ | ९.३ | ३१.० | ३५.८ |
| २० | ३१.६ | ११.१ | ३४.० | ३६.० |
| ३० | ४५.८ | १३.० | ३७.० | ३६.३ |
| ४० | ६३.९ | १४.८ | ४०.० | ३६.६ |

हे आकडे मुलाकडून आलेखाच्या कागदावर मांडून घ्या. नायट्रेटची रेघ जिन्यासारखी वर चढते. मिठाची जवळपास आडवी पडते. सल्फेटची तळाशी सरपटत राहते. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं या तीन आकारांत आहेत.

आधी तुमचा ड्रम. १५० लिटर पाण्यात ५० किलो, म्हणजे १०० लिटरला ३३.३ किलो. उभ्या अक्षावर ३३.३ शोधा आणि तिथून पट्टी आडवी सरकवत नायट्रेटच्या रेघेपर्यंत न्या. ती साधारण २१ अंशांवर भेटते. याचा अर्थ, द्रावण २१ अंशांच्या वर असेपर्यंत रेघेच्या खाली आहे, असंपृक्त आहे, आणि त्यात अजून थोडं खत मावेल. बरोबर २१ ला ते रेघेवर येतं, म्हणजे संपृक्त होतं. त्याखाली प्रत्येक अंशाला खत बाहेर पडू लागतं. दुपारी पाणी स्वच्छ होतं ते एवढ्याचसाठी की तुम्ही रेघेच्या जेमतेम खाली होता. संध्याकाळी ऊन गेलं आणि तुम्ही रेघ ओलांडली.

आता १४ अंशांवरून पट्टी उभी वर न्या. नायट्रेटची रेघ २५ च्या आसपास भेटेल. १० आणि २० अंशांच्या आकड्यांमध्ये सरळ त्रैराशिक लावलं तर २५.२ येतं. खरी रेघ किंचित खाली वाकलेली असल्याने आकडा थोडा कमी निघतो, पण ड्रमच्या हिशोबाला २५ पुरे. म्हणजे १०० लिटर पाणी १४ अंशांना २५ किलो धरून ठेवतं. तुम्ही घातलं होतं ३३.३. फरक ८.३ किलो, तोही १०० लिटरमागे. तुमच्याकडे पाणी १५० लिटर, म्हणून दीडपट: साडेबारा किलो. उलट बाजूने ताळा करा. १५० लिटर पाण्यात १४ अंशांना साडेसदतीस किलो राहतं. पन्नासातून वजा केलं की पुन्हा साडेबारा.

हाच ड्रम १० अंशांपर्यंत उतरला असता तर वर राहिलं असतं १५० लिटरला ३१.३५ किलो आणि तळाला गेलं असतं साडेअठरा किलोच्या वर. चार अंशांत सहा किलोंचा फरक. म्हणून हवेचं तापमान धरून हिशोब करू नका. दोनशे किलोंचा भरलेला ड्रम हवेच्या मागे राहतो, पहाटेच्या हवेपेक्षा तो दोन-तीन अंश उबदार असू शकतो. तुम्ही थर्मामीटर द्रावणातच बुडवलात हे बरं केलं. त्यातही तो तळापाशी, स्फटिकांच्या जवळ धरा आणि मिनिटभर थांबून वाचा. एका अंशाच्या चुकीने तुमच्या ड्रममध्ये दीड किलोचा फरक पडतो.

या हिशोबात नेहमी एकाच ठिकाणी गफलत होते. आलेखातले १०० म्हणजे पाणी, तयार द्रावण नव्हे. १५० लिटर पाण्यात ५० किलो नायट्रेट विरघळल्यावर ड्रमची पातळी १७० लिटरच्या आसपास जाते. पातळी बघून कोणी "१७० लिटर आहे" म्हणून २५ टक्क्यांनी गुणलं तर साडेबेचाळीस किलो विरघळलेलं आहे असं उत्तर येईल आणि तळाला फक्त साडेसात किलो बसल्यासारखं वाटेल. पाच किलोंची चूक इथेच झाली. म्हणून खत टाकायच्या आधी किती पाणी होतं ते ड्रमवर खडूने लिहून ठेवा. तोच आकडा शेवटपर्यंत धरा. खत बाहेर पडलं तरी पाणी तेवढंच राहतं.

पोटॅशियम नायट्रेटचे खडे कोरडे बाहेर पडतात, आपल्यात पाणी बांधून घेत नाहीत, म्हणून नुसत्या वजाबाकीने काम भागतं. मुलाच्या आलेखात मोरचूद असेल तर तिथे ही वजाबाकी लावू नका. निळ्या मोरचुदाच्या वजनात तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त भाग पाण्याचाच असतो. तो खडा बाहेर पडताना द्रावणातलं पाणीही घेऊन जातो. शिवाय काही तक्ते कोरड्या मोरचुदाचा आकडा देतात तर काही निळ्या खड्यांचा: २० अंशांना पहिला २०.७, दुसरा ३२ च्या घरात. आकडा कशाचा आहे ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. बोर्डोसाठी आपण इतकं पातळ करतो की बागेत त्याची झळ बसत नाही, पण मुलाच्या परीक्षेत बसेल.

तुमच्या तीन बादल्या कढत पाण्याबद्दल बोलायला हवं, कारण घोळाची सुरुवात तिथून आहे. पोटॅशियम नायट्रेट विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतं. १०० लिटर पाण्यात २० किलो टाकलं तर पाणी साधारण १२ ते १५ अंशांनी गार होतं. ढवळताना हात काकडतात आणि ड्रमला बाहेरून घाम फुटतो तो यामुळेच. २८ अंशांच्या पाण्यात तुमच्या प्रमाणात खत टाकलं तर थोड्या वेळात पाणी १२-१३ अंशांवर येतं, रेघ गाठली जाते आणि उरलेलं खत तळाला तसंच पडून राहतं. कितीही ढवळा, जागचं हलत नाही. मग माणूस वैतागून कढत पाणी ओततो. ते चूक नाही, पण कढत पाण्याने फक्त दुपारपुरती जागा केली. ड्रम गार झाल्यावर ती जागा जाते आणि खत परत येतं. गरम पाणी विरघळायचा वेग वाढवतं. रात्रीची मर्यादा मात्र रात्रीचं तापमानच ठरवतं.

काही वेळा ड्रम १८ अंशांपर्यंत उतरूनही स्वच्छ दिसतो आणि शेतकऱ्याला वाटतं हिशोब खोटा. ते अतिसंपृक्त द्रावण. गाळलेलं पाणी, गुळगुळीत प्लास्टिकचा ड्रम आणि हलवाहलव नाही, असं असलं की खडा धरायला बी मिळत नाही आणि द्रावण दोन-चार अंश रेघेच्या वर तसंच लटकत राहतं. पहाटे कोणी काठी घातली किंवा पंप सुरू केला की एकदम धुरकट होऊन सुया पडू लागतात. व्हेंचुरीच्या अरुंद गळ्यात आणि सक्शनच्या जाळीवर त्या पहिल्यांदा धरतात. म्हणून "रात्री तर स्वच्छ होतं, पंप चालू केल्यावर चोक झालं" ही तक्रार खोटी नसते.

आता भेसळ. इथे आलेख एक गंमत करतो. २३-२४ अंशांच्या वर नायट्रेट मिठापेक्षा जास्त विरघळतं, त्याखाली मीठ जास्त विरघळतं. तुमच्या बॅगांत समजा १० किलो मीठ मिसळलेलं असतं, तर १५० लिटरला ते १०० लिटरमागे ६.७ किलो झालं. मिठाची मर्यादा ३६. म्हणजे मीठ रात्रभर पाण्यातच राहिलं असतं आणि तळाला आलं असतं फक्त नायट्रेट. तळाला सुया दिसणं हा खतात नायट्रेट असल्याचा पुरावा आहे. मीठ नसल्याचा नाही. भेसळीचा माग घ्यायचा तर किती बसलं ते वजन पाहावं लागतं.

त्यासाठी घरी करण्यासारखी एक चाचणी आहे. काचेच्या बरणीत ३०० ग्रॅम कोमट पाणी घ्या आणि त्यात काट्यावर मोजून १०० ग्रॅम खत पूर्ण विरघळवा. हे तुमच्या ड्रमचंच प्रमाण आहे. गाळणीवर काही गाळ उरला तर तो वेगळा मोजा. बरणीला झाकण लावा, वर "खत" लिहा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी द्रावणाचं तापमान बघा. ते ५ अंश असेल तर नायट्रेटची रेघ तिथे १६.७ वर आहे, म्हणजे ३०० ग्रॅम पाण्यात ५० ग्रॅम राहील आणि ५० ग्रॅम तळाला बसेल. द्रावण गार असतानाच झटपट सुती कापडातून गाळा, स्फटिक कापडात घट्ट पिळा, मग कागदावर पसरून उन्हात वाळवा आणि वजन करा. चुलीवर किंवा तव्यावर वाळवू नका. हे खत आग भडकवणारं आहे.

वाळलेले स्फटिक ४५ ते ५२ ग्रॅम भरले तर खत ठीक आहे. गाळताना थोडं वाया जातं, आणि ओलावा राहिला तर वजन थोडं जास्तही भरतं, म्हणून बरोबर पन्नासाची अपेक्षा ठेवू नका. पण ३० ग्रॅमच भरले तर शंका घ्यायला जागा आहे. शंभरात नायट्रेट ८० च असेल तर ८० मधून ५० वर राहतात आणि ३० बसतात. म्हणजे नायट्रेट जितकं कमी, तितकी घट थेट बसलेल्या वजनात दिसते. स्फटिक धुऊ नका, गार पाणीसुद्धा त्यातलं बरंच खाऊन टाकतं. आकडा कमी आला तर उघडलेल्या बॅगेतला नमुना घेऊन भांडू नका. सीलबंद बॅग आणि पावती घेऊन तालुका कृषी कार्यालयात जा. खत नियंत्रण आदेश, १९८५ खाली अधिकृत नमुना तिथूनच घेतला जातो आणि तोच टिकतो.

०:०:५० चं दुखणं वेगळं आहे. त्याची रेघ मुळातच खाली आहे. २० अंशांना १५० लिटर पाण्यात साडेसोळा किलोच्या वर ते जाणारच नाही. २५ किलोची बॅग १५० लिटरमध्ये पूर्ण विरघळवायची तर द्रावण ५० अंशांच्या आसपास ठेवावं लागेल, आणि ते काही ठिबकाच्या ड्रममध्ये होत नाही. इथे गरम पाण्यापेक्षा जास्त पाणी उपयोगी. एका बॅगेला १० अंशांच्या रात्रीसाठी किमान २७० लिटर लागतात, ३०० धरा. शिवाय ते विरघळतंही सावकाश, तेव्हा पाणी फिरतं ठेवून ते थोडं थोडं सोडावं. रेघ सपाट असल्याचा एक फायदा मात्र आहे. ३० अंशांना संपृक्त केलेलं १५० लिटरचं द्रावण १४ अंशांपर्यंत उतरलं तरी चार-साडेचार किलोच बाहेर पडतं. तेवढ्याच थंडीत ३० अंशांना संपृक्त केलेलं नायट्रेट तीस किलोंच्या वर टाकेल.

दोन्ही खतं एकाच ड्रममध्ये टाकायचा मोह होतो. तसं केलं तर हा आलेख चालत नाही. प्रत्येक रेघ एकट्या क्षाराची, साध्या पाण्यातली आहे. दोन्हींत पोटॅशियम असल्याने नायट्रेटच्या घट्ट द्रावणात सल्फेट तक्त्यातल्या आकड्यापेक्षाही कमी मावतं. आणि कॅल्शियम नायट्रेटच्या ड्रममध्ये ०:०:५० गेलं तर जिप्सम तयार होतं. त्याची विद्राव्यता १०० ग्रॅमला पाव ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आलेखावर रेघ दिसणारसुद्धा नाही. फिल्टरमध्ये काय अडकलंय ते ओळखायला कोमट पाणी पुरतं. डिस्क काढून कोमट पाण्यात ठेवा. सुया पाच-दहा मिनिटांत नाहीशा झाल्या तर ते नायट्रेट. पांढरा थर तसाच राहिला तर ते थंडीचं काम नाही, मिसळण्याची चूक आहे.

आज जो ड्रम बसलाय त्याचं काय करायचं? खडे फेकू नका, पैशाचं खत आहे. पण वरचं स्वच्छ पाणी "पन्नास किलोचं द्रावण" समजून सोडूही नका, कारण त्यात साडेसदतीसच किलो आहे. तेवढ्यावर बाग झाली आणि नंतर ड्रममध्ये पाणी ओतून उरलेलं सोडलं, तर शेवटच्या प्लॉटला भलतंच जास्त जातं. १४ अंशांना ५० किलो जेमतेम धरायला २०० लिटर पाणी लागतं. तुमच्या २०० लिटरच्या ड्रममध्ये त्याला जागाच नाही. म्हणून वरचं निम्मं स्वच्छ द्रावण नळीने दुसऱ्या ड्रममध्ये ओढून घ्या. त्याच्यासोबत ७५ लिटर पाणी आणि पावणेएकोणीस किलो खत जातं. पहिल्या ड्रममध्ये राहतात ७५ लिटर पाणी आणि खड्यांसकट सव्वाएकतीस किलो. दोन्हींत शंभर-शंभर लिटर पाणी घाला आणि पहिला ड्रम उन्हात ढवळत राहा. पहिल्यात आता १०० लिटरला १८ किलोच्या आत आलं, १० अंशांची रात्र आली तरी ते बसणार नाही. दोन्ही ड्रमची तीव्रता वेगळी आहे, म्हणून प्रत्येकावर किलो लिहा आणि प्लॉटला देताना लिटर नव्हे, किलो मोजा.

पुढच्या वेळी १३:०:४५ साठी १०० लिटर पाण्याला १८ किलोच्या वर जाऊ नका. १० अंशांची मर्यादा २०.९ आहे, मधली जागा थर्मामीटरच्या आणि काट्याच्या चुकीसाठी ठेवायची. दोन बॅगांना २८० लिटर पाणी होतं, म्हणजे दोन ड्रम, एकेकात १४० लिटर आणि एक बॅग. दोनशेच्या ड्रममध्ये ते आरामात बसतं. एकच ड्रम असेल तर एका वेळी एकच बॅग घ्या. घट्ट द्रावण करायचंच असेल तर ज्या दिवशी सोडायचं त्याच दिवशी सकाळी करा आणि ऊन उतरायच्या आत संपवा. व्हेंचुरीची सक्शन नळीही तळाला टेकवू नका, वीतभर वर बांधा.